चिनोरचा गोळाभात, ₹130: नवा पदार्थ गिऱ्हाइकाला सांगताना काय बोललो, काय गाळलं

पार्श्वभूमी

भंडारा जिल्ह्यात पवनीच्या बाजूला रस्त्यालगत एक खानावळ आहे. आठ टेबलं, चूल आणि गॅस दोन्ही, आत वहिनी आणि एक मदतनीस बाई, बाहेर मालक आणि एक पोरगा. मालकाला सगळे भाऊ म्हणतात, इथेही तेच म्हणेन. मी अशा लहान खानावळींचे हिशेब लिहितो, म्हणून हे प्रकरण जवळून पाहिलं. ओळख पटेल अशा गोष्टी गाळल्या आहेत. रकमा भाऊंच्या वहीतल्या आहेत, फक्त पूर्णांकात केल्या आहेत.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. आठवडाभर येणारे आसपासच्या गावचे शेतकरी, कचेरीचे लोक, ट्रॅक्टर-मेटाडोरवाले. शनिवार-रविवारी कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात सफारीला जाणारे नागपूरकर. दोघांनाही तीच ₹90 ची थाळी: पोळी, वरण, भात, एक रस्सा, एक सुकी भाजी. नागपूरकर जेवून जाताना विचारायचे, "इकडचं खास काही नाही का?" भाऊंकडे उत्तर नव्हतं.

उत्तर घरात होतं. वहिनींचा गोळाभात. चण्याच्या डाळीचा भरडा, त्यात हळद, तिखट, ओवा, जिरं, बारीक चिरलेला सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि गरम तेलाचं मोहन, हे घट्ट मळून सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे वळायचे. भात अर्धा शिजून पाणी वर दिसेनासं झालं की गोळे त्यात खोचायचे, झाकण ठेवून मंद वाफेवर होऊ द्यायचे. वाढताना गोळा कुस्करायचा आणि वरून लसूण-लाल मिरचीची कडकडीत फोडणी. सोबत कढी. यासाठी वहिनी घरी नेहमीचा एचएमटी वापरायच्या. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेलं हे वाण आमच्या भागात रोजच्या जेवणाचं आहे. एका पाहुण्याकडून चिनोर तांदळाचे पाच किलो आले, त्यात गोळाभात झाला, आणि भाऊंनी ठरवलं की खानावळीत ठेवायचा तर असाच ठेवायचा.

अडचण

चिनोर म्हणजे बारीक, आखूड दाण्याचा वासाचा तांदूळ. 2023 मध्ये 'भंडारा चिनोर'ला भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. नागपूरच्या माणसाला मात्र द्यावी लागते, कारण वासाचा तांदूळ म्हटलं की त्याच्या डोळ्यापुढे लांब दाण्याची बासमती येते आणि ताटात आखूड दाणा पाहून त्याला फसल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट भावाची. थाळी ₹90 ला असताना एक भात ₹130 ला कसा सांगायचा? भाऊ पंधरा वर्षं गल्ल्यावर बसलेत, पण भाव सांगताना त्यांचा आवाज खाली जातो. त्यांनीच मला म्हटलं, "तुम्ही हिशेब करून द्या आन् बोलायचं काय तेही लिहून द्या."

हिशेब आधी

बोलणं लिहिण्याआधी ताटाचा खर्च काढला. भाऊंनी आठ किलोमीटरवरच्या एका शेतकऱ्याकडून तीन क्विंटल चिनोरचा धान घेतला, ₹5,200 क्विंटलने. भरडाई आणि वाहतूक धरून ₹17,100 गेले, तांदूळ निघाला 190 किलो. म्हणजे किलोला ₹90. एचएमटी त्यांना ₹45 ला पडतो.

एका ताटाला कच्चा तांदूळ 100 ग्रॅम लागतो, म्हणजे चिनोरचे ₹9. भरड्याचे साडेपाच, फोडणी आणि मोहनाच्या तेलाचे सात, कढीचे सात, लसूण-मिरची-सांबाराचे पाच, पापड-कांदा-लोणच्याचे सहा, गॅसचे सहा. साधारण ₹46. गोळे वळायला मदतनीस बाई रोज दोन तास जास्त थांबते, ते ताटामागे आठ. उरलेला गोळाभात संध्याकाळी विकता येत नाही, कारण गोळे कोरडे पडून दडदडीत होतात. त्या नुकसानीचे सहा धरले. एकूण ₹60.

आता यातली जी गोष्ट मलाही कागदावर आल्यावरच दिसली, ती अशी: चिनोर आणि एचएमटी यांच्यातला फरक एका ताटाला फक्त साडेचार रुपयांचा आहे. कहाणी सगळी तांदळाची, आणि भावातल्या वाढीत तांदळाचा वाटा साडेचार रुपये. नागपूरचं गिऱ्हाईक हा हिशेब करणार नाही. धान पिकवणारं गिऱ्हाईक जेवता जेवता करेल.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, पाटीवर लिहून गप्प बसायचं. भाऊंना हाच सोयीचा वाटत होता. पण 'गोळाभात ₹130' एवढं वाचून थाळीपेक्षा ₹40 जास्त कोणी देणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

दुसरा पर्याय, थाळीतला भात बदलून खास थाळी ₹110 ला द्यायची. थाळीच्या सामानाला ₹38 लागतात, हाती ₹52 राहतात. खास थाळीत गोळे, कढी, फोडणी हे सगळं वाढल्यावर ₹50 सुद्धा राहत नव्हते. काम जास्त आणि उरणार कमी, म्हणून हा सोडला. गोळाभात वेगळा ठेवून ₹110 लावला तरी ₹50 च राहत होते.

तिसरा, वेगळं ताट ₹130 ला, आणि मालकाने स्वतः टेबलाशी जाऊन सांगायचं. हाती ₹70 राहतात, त्यात जागा, मजुरी, वीज निघून काही उरतं. भाऊंनी ₹150 चाही विचार केला. मी नको म्हटलं. आठवड्याचे पाच दिवस ज्यांच्यावर खानावळ चालते त्यांच्यासाठी ₹150 चा आकडा म्हणजे "हे आपल्यासाठी नाही" असं सांगणं होतं.

शेतकऱ्याला काय विचारलं

कहाणी सांगायची तर ती खरी हवी, म्हणून भाऊ आणि मी बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर गेलो. तिथून जे मिळालं ते घरी बसून सुचलं नसतं. चिनोर हा भारी धान. हलका धान कापून घरात येतो तेव्हा हा अजून उभा असतो, त्यामुळे शेवटचं पाणी बोडीतून, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातून द्यावं लागतं. रोप उंच वाढतं आणि दाणा भरताना वारा-पाऊस आला की आडवं होतं. ज्या बांधीत एचएमटीची सोळा पोती होतात, तिथे चिनोरची नऊ-दहा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते फक्त एका बांधीत लावतात, घरापुरता आणि थोडा विकायला.

आम्ही दोन प्रश्न मुद्दाम विचारले. युरिया टाकता का? "टाकतो ना जी, रोवणीनंतर एकदा." मानांकनाचे नोंदणीकृत वापरकर्ते आहात का? नाही. या दोन उत्तरांमुळे पुढे दोन चुकीची वाक्यं टळली, म्हणजे टळायला हवी होती. त्यावर येतोच.

धान तसाच ठेवून महिन्याला लागेल तेवढा भरडून आणा, हेही त्यांनीच सांगितलं. भरडलेल्या तांदळाचा वास लवकर उतरतो, टरफलात तो टिकतो.

पहिलं बोलणं आणि ते का पडलं

पहिला मसुदा मी लिहिला, भाऊंनी त्यात भर घातली, आणि जानेवारीत ते असं बोलू लागले:

"नमस्कार साहेब. आमच्याकडे खास गोळाभात आहे. हा चिनोर तांदळाचा आहे, चिनोर म्हणजे भंडाऱ्याची शान, याला सरकारचं मानांकन मिळालं आहे. पूर्वी मालगुजारी तलावांच्या पाण्यावर हा धान पिकायचा. आता फार थोडे शेतकरी लावतात. एकदम नैसर्गिक, खत-औषध नाही. वास असा की शेजारच्या घरी कळतं. गोळे आमच्या घरच्या पद्धतीचे. थाळीपेक्षा थोडा महाग आहे, एकशे तीस."

मी एका रविवारी कोपऱ्यात बसून ऐकलं. बोलणं लांबत जायचं. चौथ्या वाक्याला पोरं मोबाईल काढायची. भाव शेवटी आणि हळू आवाजात येत असल्याने एवढं सगळं त्या आकड्याची माफी मागायला चाललं आहे असं वाटायचं. आणि "थोडा महाग आहे" हे तर आपणच गिऱ्हाइकाच्या तोंडात घालत होतो.

खोटी वाक्यंही त्यातच होती. "खत-औषध नाही" हे भाऊंनी बोलण्याच्या ओघात घातलं होतं, शेतकऱ्याने तसं म्हटलं नव्हतं. मानांकनाचं नाव माल विकण्यासाठी वापरायचं तर 1999 च्या कायद्याप्रमाणे त्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. आमच्या शेतकऱ्याची ती नव्हती. तरी मीच ते लिहिलं होतं, कारण ऐकायला चांगलं वाटत होतं.

खरा धक्का मंगळवारी बसला. अड्याळकडचे एक काकाजी जेवायला बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चिनोर नव्वद रुपये किलो. किलोत दहा ताटं होतात. नऊ रुपयांचा भात झाला. मंग हे वरचे चाळीस कायचे जी?" भाऊ गप्प. काकाजींनी थाळी घेतली. चिडले नव्हते, पण टेबलावरच्या बाकी तिघांनीही थाळीच घेतली.

दिवसाला चार-पाच ताटं जात होती, तीही बहुतेक रविवारी.

दुसरं बोलणं

फेब्रुवारीच्या मध्यात बसून सगळं खोडलं आणि काकाजींच्या प्रश्नापासून सुरुवात केली. ₹130 तांदळाचे नाहीत, मग कशाचे? गोळ्यांचे, तेलाचे, कढीचे आणि बायांच्या हाताचे. तर बोलण्यात भाव त्यांच्याशेजारी यायला हवा, तांदळाशेजारी नाही. तांदूळ हे ताट मागवण्याचं कारण आहे, भावाचं कारण नाही. एवढं वेगळं केल्यावर वाक्यं आपसूक लहान झाली:

"दादा, आज गोळाभात आहे. डाळीचे गोळे सकाळी हातानं वळलेले, वरून लसणाची फोडणी, सोबत कढी-पापड, एकशे तीस रुपये. भात चिनोरचा आहे, इथून आठ किलोमीटरवरच्या बांधीतला. वास घेऊन पाहा. याला दहा मिनिटं लागतील, घाई असेल तर थाळी लगेच वाढतो."

वीस-पंचवीस सेकंद. भाव दुसऱ्याच वाक्यात, ताटात काय काय येतं ते सांगून लगेच, त्याच आवाजात. त्यानंतर तांदूळ. म्हणजे गिऱ्हाईक भाव ऐकून वास घेतं, वास घेऊन भाव ऐकत नाही. हा क्रम भाऊंना उलटा वाटला होता. चार दिवस करून पाहिल्यावर त्यांनीच सांगितलं की आता आवाज दबत नाही.

"वास घेऊन पाहा" म्हणताना भाऊ एक झाकलेली लहान वाटी टेबलावर ठेवतात आणि झाकण गिऱ्हाइकासमोर काढतात. आत दोन चमचे साधा चिनोरचा भात, फोडणी नाही, गोळा नाही. वाफेबरोबर वास वर येतो आणि माणूस आपोआप पुढे वाकतो. वाटीला रुपयाभराचा तांदूळ लागतो. पण ती गरम हवी. पहिल्या दिवशी पोराने दहा वाट्या आधीच भरून ठेवल्या, पाच मिनिटांत थंड झाल्या, आणि थंड भाताला सांगण्यासारखा वास उरत नाही. आता भांडं गरम पाण्यात ठेवलेलं असतं आणि वाटी मागितल्यावरच भरतात.

शेवटचं वाक्य, थाळीचं, भाऊंना काढायचं होतं: आपणच दुसरा रस्ता का दाखवायचा? मी ते राहू द्या म्हटलं. कचेरीच्या माणसाला अर्ध्या तासात परत जायचं असतं. दहा मिनिटं आधी सांगितली नाहीत तर तो चिडून जातो, आणि थाळीचं नाव मालकाच्याच तोंडून आलं की नाही म्हणताना त्याला अवघडल्यासारखं होत नाही.

दोन तऱ्हेच्या गिऱ्हाइकांसाठी तिसरं वाक्य बदलतं. नागपूरकरांना: "चिनोर म्हणजे बासमती नव्हे, दाणा आखूड असतो, भात मऊ होतो." हे आधी सांगितलं की ताट आल्यावर तक्रार येत नाही. गावच्या माणसाला फक्त शेताचं गाव सांगायचं, त्याला पुढचं सगळं कळतं. पुष्कळदा तोच विचारतो, "कोणाच्या बांधीतला?" शेतकऱ्याला विचारून त्यांचं नाव सांगायची परवानगी आम्ही घेऊन ठेवली होती.

आणि काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर भाऊंनी पाठ केलं: "तांदळाचा फरक साडेचार रुपयेच आहे जी. बाकी गोळे, तेल, कढी आन् दोन तास बायांचे हात." यात लपवण्यासारखं काही नाही. मार्चमध्ये तेच काकाजी परत आले, भाऊंनी स्वतःहून हे सांगितलं, आणि त्यांनी गोळाभात घेतला. जाताना एवढंच म्हणाले की कढी थोडी आंबट पाहिजे. वहिनींनी ती केली.

मार्चमध्ये दिवसाला दहा-बारा ताटं जाऊ लागली. एप्रिलपासून सरासरी वीस-बावीस, रविवारी चाळीसच्या आसपास. हे सगळं बोलण्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात सफारीची गर्दी वाढते, शिवाय खाऊन गेलेल्यांनी दुसऱ्यांना सांगितलं. पण फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात गर्दी तेवढीच होती आणि ताटं दुप्पट झाली, तो फरक मी नव्या बोलण्याचा धरतो.

मे महिन्यातली चूक

190 किलो तांदूळ वर्षभर पुरेल असं भाऊ धरून चालले होते. दिवसाला पाच ताटं असती तर पुरलाही असता. रोज वीस-बावीस ताटं, वाट्या आणि घरचं धरून मेच्या मध्यावर कोठी रिकामी झाली. शेतकऱ्याकडे विकायला उरला नव्हता.

वहिनींनी त्या दिवशी एचएमटी लावला. गोळे तेच, फोडणी तीच, चव वाईट नव्हती. भाऊ मात्र टेबलापाशी सवयीने तेच बोलत राहिले, "भात चिनोरचा आहे." वाटी ठेवणं तेवढं बंद केलं, म्हणजे मनात कळत होतंच. पाच दिवस असं चाललं. सहाव्या दिवशी पवनीचे एक निवृत्त गुरुजी, आधी दोनदा येऊन गेलेले, पहिल्याच घासाला थांबले. मोठ्याने काही बोलले नाहीत. भाऊंना जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, हा चिनोर आहे का?"

भाऊंनी नाही म्हटलं. पैसे घेतले नाहीत. त्या रात्री मला फोन केला तेव्हा आवाज थरथरत होता. कहाणी खोटी ठरली तर नुकसान एका ताटाचं होत नाही. वीस-पंचवीस किलोमीटरच्या टापूत सगळे एकमेकांना ओळखतात, आणि गुरुजींनी कोणाला सांगितलं असतं तर थाळीवरचाही विश्वास गेला असता.

दुसऱ्या दिवसापासून पाटी बदलली: 'गोळाभात (एचएमटी) ₹120. चिनोर नवीन धान आल्यावर.' तांदळाचा फरक साडेचार रुपये असताना दहा का उतरवले, असं भाऊंनी विचारलं. वाटी नाही, वास नाही, आणि पाच दिवस जे बोललो ते मागे घेतोय हे आकड्यातही दिसायला हवं, असं माझं मत होतं. त्यांनी मानलं. ताटं कमी झाली, बारा-तेरावर आली. जुलैपासून अभयारण्य पावसाळ्यासाठी बंद झालं की तशीही कमीच होतात.

आज पुन्हा केलं तर

ताटाचा खर्च मी पैशापर्यंत काढला, पण धान किती दिवस पुरेल हे काढलं नाही. ही माझी चूक. तीन क्विंटलचे 190 किलो, म्हणजे वाट्या आणि घरचं सोडलं तर जेमतेम सतराशे ताटं. दिवसाला वीस गेली तर पंच्याऐंशी दिवस. हा आकडा पहिल्याच दिवशी कोठीच्या दारावर हवा होता. आता तिथे एक वही टांगली आहे. रोज रात्री किती किलो काढला ते लिहितात, आणि 30 किलो उरला की पाटीवर 'चिनोर संपत आला' असं लिहायचं ठरलं आहे.

बांधीवर दोन प्रश्न विचारले, पण त्यांची उत्तरं बोलण्याशी ताडून पाहिली नाहीत. आता बोलण्यातलं प्रत्येक वाक्य कागदावर डावीकडे आणि ते कोणी सांगितलं हे उजवीकडे, असं लिहितो. उजवी बाजू रिकामी असेल ते वाक्य जातं. पहिल्या मसुद्याला ही चाळणी लावली असती तर खत-औषधाचं वाक्य तिथेच गेलं असतं.

अर्ध्या ताटाचा पर्याय, ₹70 ला, भाऊंना द्यायचा होता आणि मी अडवला, कारण गोळे वळण्याचं काम तेवढंच राहतं. आता वाटतं आठवड्याच्या दिवसांत तो ठेवून पाहायला हवा होता. गावचा माणूस थाळीसोबत अर्धा घेऊन चव पाहतो, आणि रविवारी घरच्यांना घेऊन येतो. हे या हंगामात करून पाहणार आहोत.

धानाचंही ठरलं. शेतकरी यंदा दोन बांध्यांत चिनोर लावतायत, भाऊंनी रोवणीच्या वेळीच ₹10,000 आगाऊ दिले. सहा क्विंटल धरला आहे, पण पीक आडवं झालं तर कमी येईल, म्हणून त्या दिवसासाठीचं बोलणंही लिहून गल्ल्याच्या काचेखाली ठेवलं आहे. पोरालाही ते पाठ आहे:

"दादा, आज गोळाभात एचएमटीचा आहे, एकशे वीस रुपये. चिनोर संपला. आला की पाटीवर लिहू."